अर्नशॉचे प्रमेय

स्थिरविद्युतशास्त्रातील एक प्रमेय. जागच्या जागी पक्के बसवलेले विद्युत प्रभार कितीही घेतले आणि कसेही मांडले, तरी त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत दुसरा मोकळा प्रभार केवळ त्यांच्या विद्युत बलावर स्थिर समतोलात राहू शकत नाही, असे हे प्रमेय सांगते. इंग्लंडमधील गणिती आणि धर्मोपदेशक सॅम्युएल अर्नशॉ (१८०५–१८८८) यांचा यासंबंधीचा निबंध १८४२ साली केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रकाश वाहून नेणाऱ्या ईथरचे कण एकमेकांवर कोणत्या प्रकारचे बल लावत असतील, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. ईथरची कल्पना पुढे मागे पडली, पण हे प्रमेय टिकले, कारण त्याचा आधार ईथर नसून व्यस्त वर्गाचा नियम आहे.

समतोल असणे आणि तो स्थिर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभारावरचे एकूण बल ज्या बिंदूवर शून्य होते, तो समतोलाचा बिंदू. असे बिंदू सहज सापडतात. दोन समान प्रभारांचा मध्यबिंदू हा त्यांपैकीच एक. समतोल स्थिर म्हणायचा, तर प्रभार कोणत्याही दिशेने किंचित सरकवल्यावर बलाने त्याला परत आणले पाहिजे. ऊर्जेच्या भाषेत सांगायचे तर प्रभाराची स्थितिज ऊर्जा त्या बिंदूवर आजूबाजूच्या सर्व बिंदूंपेक्षा कमी असली पाहिजे. ही ऊर्जा U = qV असते; q हा मोकळा प्रभार आणि V हा पक्क्या प्रभारांचा विभव. म्हणजे धन प्रभाराला V चा किमान बिंदू लागतो, ऋण प्रभाराला कमाल बिंदू. रिकाम्या जागेत यांपैकी एकही मिळत नाही, हेच सिद्ध करायचे आहे.

सुरुवात एकाच प्रभारापासून करू. Q या प्रभाराचा r अंतरावरचा विभव kQ/r असतो. त्या बिंदूवर उभे राहून विभवाची वक्रता, म्हणजे त्याचा द्वितीय अवकलज, तीन परस्परलंब दिशांनी मोजली, तर प्रभाराकडे जाणाऱ्या रेषेवर ती 2kQ/r³ येते आणि त्या रेषेला काटकोनात असलेल्या दोन्ही दिशांनी प्रत्येकी −kQ/r³. बेरीज शून्य. अंतर कोणतेही असो, एका दिशेची वक्रता उरलेल्या दोन दिशांच्या वक्रतांची तंतोतंत भरपाई करते. पक्के प्रभार अनेक असले, तर विभवांची नुसती बेरीज होते आणि शून्यांची बेरीज शून्यच राहते. म्हणून जिथे पक्का प्रभार नाही अशा प्रत्येक बिंदूवर

∂²V/∂x² + ∂²V/∂y² + ∂²V/∂z² = 0

हे लाप्लासचे समीकरण लागू पडते. तिन्ही वक्रता एकाच वेळी धन असू शकत नाहीत, कारण मग त्यांची बेरीज शून्य होणार नाही. तिन्ही ऋणही असू शकत नाहीत. एका दिशेने विभव वर वळत असेल, तर निदान दुसऱ्या एका दिशेने तो खाली वळलाच पाहिजे. समतोलाच्या बिंदूपाशी विभवाचा आकार म्हणून दरीसारखा कधीच नसतो. तो डोंगरातल्या खिंडीसारखा असतो, जिथे दोन्ही बाजूंच्या शिखरांकडे चढ आणि वाटेच्या दोन्ही टोकांना उतार असतो.

दोन समान धन प्रभारांच्या मध्यबिंदूवर हे आकड्यांत दिसते. प्रभार मध्यापासून d अंतरावर असतील, तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर वक्रता 4kQ/d³ येते आणि त्या रेषेला लंब असलेल्या दोन दिशांनी प्रत्येकी −2kQ/d³. मध्यभागी ठेवलेला धन प्रभार रेषेवर डावी-उजवीकडे ढकलला तर परत येतो, पण बाजूला जरा जरी हलला तर निघून जातो. तो मण्यासारखा तारेत ओवला तर मात्र जागेवर राहील. तेव्हा त्याला बाजूला जाण्यापासून तार रोखते, विद्युत बल नव्हे.

कागदावर आकृती काढताना इथेच फसगत होते. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर समान धन प्रभार आणि मध्ये एक धन प्रभार, अशी आकृती पाहिली की तो चारही बाजूंनी कोंडल्यासारखा वाटतो. कागदाच्या प्रतलात ते खरेही आहे: केंद्रापासून कोपरा d अंतरावर असेल, तर प्रतलातल्या प्रत्येक दिशेने वक्रता 2kQ/d³ आहे. पण कागदाला लंब दिशेने ती −4kQ/d³ आहे आणि प्रभार त्या वाटेने सुटतो. संगणकावर विभव काढताना रिकाम्या जागेत तिन्ही दिशांनी किमान बिंदू दिसला, तर नवी मांडणी सापडली असे समजू नये. तीन वक्रता मोजून त्यांची बेरीज करावी. ती शून्य येत नसेल तर गणनेत चूक आहे.

इथपर्यंतचा युक्तिवाद बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. पण त्यात एक फट राहते. तिन्ही वक्रता शून्यच असल्या तर? बेरीज तरीही शून्य आहे आणि लाप्लासचे समीकरण काही बिघडले म्हणत नाही. x⁴ या साध्या फलाचा द्वितीय अवकलज शून्य बिंदूवर शून्यच असतो, तरीही तिथे त्याचा खरा किमान बिंदू असतो. मग विभवाचेही असे होऊ शकेल का?

ही शंका काल्पनिक नाही. घनाच्या आठही कोपऱ्यांवर समान धन प्रभार Q ठेवले, तर केंद्रात नेमके हेच घडते. घनाच्या सममितीमुळे x, y आणि z या तिन्ही दिशा एकसारख्या आहेत, म्हणून तिन्ही वक्रता समान असणार. त्यांची बेरीज शून्य, म्हणून प्रत्येक वक्रता शून्य. केंद्रापाशी विभव जवळजवळ सपाट आहे आणि निर्णय चौथ्या घाताच्या पदावर जातो. केंद्रापासून कोपऱ्याचे अंतर R आणि केंद्रापासून सरकलेले लहान अंतर r धरले, तर केंद्रातला विभव 8kQ/R आहे. कोपऱ्याच्या दिशेने सरकले की तो (56/27)kQr⁴/R⁵ इतका वाढतो. पृष्ठाच्या मध्याकडे सरकले की मात्र तो (28/9)kQr⁴/R⁵ इतका घटतो. मधला धन प्रभार कोपऱ्यांकडून मागे ढकलला जातो आणि सहा पृष्ठांपैकी एखाद्याच्या मध्यातून बाहेर पडतो. R च्या एक दशांश अंतरावर ही घट केंद्रातल्या विभवाच्या सुमारे ०.००४ टक्के इतकीच आहे. उतार इतका मंद असल्यामुळे ढोबळ गणनेत केंद्र स्थिर भासू शकते, पण ते स्थिर नाही.

एका मांडणीचा निकाल लागला, तरी सर्व मांडण्यांसाठी फट बुजवायला वेगळा युक्तिवाद हवा, आणि तो वक्रतांच्या युक्तिवादापेक्षा मला अधिक देखणा वाटतो. समतोलाच्या बिंदूभोवती एक छोटा काल्पनिक गोल घ्या, ज्याच्या आत एकही पक्का प्रभार नाही. गोलाच्या पृष्ठभागावरील विभवाची सरासरी किती? बाहेरचा एकच प्रभार Q गोलाच्या केंद्रापासून D अंतरावर आहे असे धरू. विभव दोन बिंदूंमधल्या अंतरावरच अवलंबून असतो, त्यामुळे Q मुळे पृष्ठभागावर पडणारा सरासरी विभव काढणे आणि तोच Q पृष्ठभागावर एकसारखा पसरून त्याचा D अंतरावरचा विभव काढणे ही एकच बेरीज आहे. एकसारखा प्रभारित गोल बाहेरच्या बिंदूला सगळा प्रभार केंद्रात असल्यासारखाच भासतो, हे माहीत आहे. म्हणून ती सरासरी kQ/D येते, आणि गोलाच्या केंद्रातला विभवही kQ/D हाच आहे. बाहेरचे प्रभार कितीही असले तरी बेरजेने हेच राहते: पृष्ठभागावरची सरासरी म्हणजे केंद्रातला विभव.

आता केंद्र हा किमान बिंदू असता, तर भोवतालच्या प्रत्येक छोट्या गोलावर विभव सर्वत्र केंद्रापेक्षा जास्त असता आणि सरासरीही जास्त आली असती. तसे होत नाही. उरतात दोनच शक्यता. एक तर विभव कुठे वाढतो आणि कुठे घटतो, आणि मग समतोल अस्थिर आहे. नाही तर तो आसपास पूर्ण सपाट आहे, जसा एकसारख्या प्रभारित पोकळ गोलाच्या आत असतो. तिथे प्रभारावर बलच नाही. समतोल उदासीन आहे आणि धक्का बसलेला प्रभार परत येत नाही. या युक्तिवादात अवकलजांची गरज लागली नाही, त्यामुळे चौथा, सहावा किंवा आणखी कितवाही घात निर्णायक असला तरी निकाल तोच.

गुरुत्वाकर्षणाची मदतही होत नाही. जमिनीजवळ mgz ही ऊर्जा सरळ रेषेत वाढते, तिची वक्रता शून्य आहे, आणि ती मिळवल्यावरही तीन वक्रतांची बेरीज शून्यच राहते. त्यामुळे समतोलाची जागा सरकते, स्थिरता मात्र येत नाही.

प्रमेय कुठे लागू पडत नाही, हे त्याच्या अटींवरून कळते. पहिली अट रिकाम्या जागेची. जे. जे. टॉमसन यांच्या १९०४ च्या अणुप्रतिमानात ऋण इलेक्ट्रॉन पसरलेल्या धन प्रभाराच्या आत बुडालेले होते. तिथे लाप्लासच्या समीकरणाऐवजी पॉयसाँचे समीकरण लागते, वक्रतांची बेरीज शून्य नसते, आणि धन गोलाच्या मध्यभागी इलेक्ट्रॉन खरोखर स्थिर राहू शकतो. रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये धन प्रभार छोट्या केंद्रकात एकवटला आणि ही सोय संपली. तिथे इलेक्ट्रॉन स्वस्थ उभा राहू शकत नाही.

दुसरी अट अशी की पक्के प्रभार कालानुसार बदलत नाहीत. वोल्फगांग पाउल यांच्या आयनसापळ्यात विद्युतअग्रांवरचा व्होल्टेज वेगाने उलटसुलट केला जातो, आयनांसाठी सहसा सेकंदाला लाखो वेळा. कोणत्याही क्षणी विभव खिंडीच्याच आकाराचा असतो आणि लाप्लासचे समीकरण पाळतो, पण चढ आणि उतार आपली जागा सतत बदलतात. आयन त्या तालावर थरथरतो. बल आतल्या बाजूला असते, त्या क्षणी तो थरथरीत बाहेरच्या बाजूला असतो. बल बाहेरच्या बाजूला असते, तेव्हा आतल्या बाजूला. क्षेत्र केंद्रापासून दूर जास्त प्रबळ असल्यामुळे आत ढकलणारे बल दर फेरीत थोडेसे वरचढ ठरते आणि सरासरीने आयन केंद्राकडे ओढला जातो. दिलेल्या व्होल्टेजला उलटापालटीचा वेग कमी पडला, तर थरथर हाताबाहेर जाते आणि आयन निसटतो. या कामासाठी पाउल यांना १९८९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारातला वाटा मिळाला. त्याच वर्षीचे आणखी एक मानकरी हान्स डेमेल्ट यांनी पेनिंग सापळा वापरला. त्यात विभव स्थिरच असतो आणि सापळ्याच्या अक्षावर दोन्ही बाजूंना चढ असतो. अक्षापासून दूर जाण्याच्या दिशांनी मात्र उतार असतो, आणि त्या वाटेने निघालेल्या आयनाला अक्षावरचे चुंबकीय क्षेत्र वळवून फिरत ठेवते.