फोन वापरणारा हात आणि फोन दाखवणारा हात

अ‍ॅपच्या जाहिरातीसाठी चित्र बनवून घ्यायचं असलं की एआयला द्यायच्या वर्णनात हमखास एक वाक्य असतं: "तरुणी सोफ्यावर बसून फोन वापरते आहे, स्क्रीन स्पष्ट दिसते आहे." चित्र येतं, मनगट पिळलेलं असतं, अंगठा भलत्याच बाजूने उगवतो, आणि लगेच सुरू होतं, "या एआयला हात काढताच येत नाहीत." अहो, हात काढायला तो अजूनही चुकतो हे खरं. पण या चित्रात चूक तुमच्या वाक्याची आहे. ती तरुणी समोर बसून फोन वापरत असेल तर स्क्रीन तिला दिसणार. आपल्याला दिसणार फोनची पाठ आणि कॅमेऱ्याचा उंचवटा. दोन्ही मागितलं की चित्र काढणारा दोन्ही देतो, आणि मधल्या मध्ये बिचाऱ्या मनगटाचा बळी जातो.

वापरणारा हात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आत्ता फोन तुमच्याच हातात असेल. कोपर अंगाशी, फोन छातीच्या उंचीवर आणि थोडा मागे कललेला, नजर खाली. तेवढं पुरे. फक्त एक लक्षात असू द्या: सगळे एका हातानेच फोन वापरतात असं नाही. मोबाइल डिझायनर स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसमध्ये, हॉटेलांत १,३३३ लोकांचं निरीक्षण केलं होतं. त्यांपैकी जे स्क्रीनला हात लावत होते, त्यांच्यात ४९ टक्के एका हाताने वापरणारे, ३६ टक्के दोन्ही हातांचा आधार देऊन एकाच हाताने चालवणारे आणि १५ टक्के दोन्ही अंगठे वापरणारे होते. त्या ३६ टक्क्यांतच एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताची तर्जनी स्क्रीनवर, ही पकडही येते. जाहिरातीत ती मला जास्त आवडते, कारण धरणारा हात शांत राहतो आणि बोट कुठे टेकलंय ते नीट दिसतं.

दाखवणारा हात मात्र लोक कधी निरखून बघत नाहीत. समोरच्याला फोन दाखवताना तळवा आपल्याकडे नसतो, समोरच्याकडे असतो. कोपरापासून हात वर उभा राहतो आणि पुढे वळतो, हाताची पाठ आपल्या तोंडाकडे येते. आणि मुख्य म्हणजे, दाखवणारा माणूस स्क्रीन बघतच नसतो. त्याला दिसते फोनची पाठ. तेव्हा त्याचा अंगठा स्क्रीनवर काही दाबत असेल तर ते चित्र खोटं आहे, कितीही सुंदर असो. दाखवणाऱ्याचा अंगठा कडेवर टेकतो, स्क्रीन मोकळी सोडतो, आणि नजर कॅमेऱ्याकडे असते.

आता खरी मेख. या दोन हातांत अंगठा कुठल्या बाजूला असतो? इथे भलेभले गडबडतात, कारण ते धरणाऱ्याच्या उजव्या-डाव्याचा विचार करतात. तो सोडा. फोन उभा आहे आणि हात खालून वर आलाय असं धरा. मग नियम एकच. स्क्रीन ज्याला दिसते आहे, त्याच्या उजवीकडे उजव्या हाताचा अंगठा असतो. तुम्ही स्वतःच्या उजव्या हातात फोन धरून बघत असाल तर अंगठा तुमच्या उजवीकडे. समोरची बाई उजव्या हाताने तुम्हाला फोन दाखवत असेल तरी अंगठा तुमच्याच उजवीकडे, तिच्या डावीकडे. कारण दोन्ही वेळा तळवा स्क्रीन बघणाऱ्याकडे असतो. पटत नसेल तर आत्ता उठून आरशासमोर फोन धरू नका, आरसा डावं-उजवं उलटं करून आणखी घोळ घालेल. शेजारच्याच्या हातात फोन द्या आणि "दाखव" म्हणा.

याच नियमाने चित्र तपासताही येतं. स्क्रीन आपल्याकडे आहे, अंगठा डावीकडे आहे, म्हणजे हा डावा हात असला पाहिजे. मग हात कुठल्या खांद्यातून येतो ते बघा. उजव्या खांद्यातून येत असेल तर मनगट कुठेतरी मोडलेलं आहे, भले बोटं अचूक पाच असोत.

बोटांवरून आठवलं. "पाच बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत" हे वाक्य वर्णनात घालणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. फोन धरलेल्या खऱ्या हाताकडे स्क्रीनच्या बाजूने बघा. अंगठा दिसतो, नखासकट. समोरच्या कडेवरून तीन-चार बोटांची टोकं डोकावतात, तीही फार तर पहिल्या पेरापर्यंत. करंगळी बरेचदा फोनच्या बुडाखाली आधाराला गेलेली असते. बाकी सगळं फोनमागे झाकलेलं. पाच बोटं मागितली की चित्रात ती झाकलेली बोटंही हट्टाने पुढे आणली जातात, आणि मग बोट काचेतून आरपार गेल्यासारखं दिसतं. जे दिसणार आहे तेवढंच लिहा. झाकलेल्या बोटांबद्दल गप्प बसणं हे सुद्धा वर्णनच आहे.

तसंच "हात विचित्र नको, बोटं वाकडी नकोत" हेही मुख्य वर्णनात लिहून फारसं हाती लागत नाही. नकारातून जागा कळत नाही. अंगठा कुठल्या कडेला, बोटांची टोकं कुठल्या कडेला, फोनचं वजन कशावर, हे तीन टेकू सांगितले की पकड उभी राहते. "सुंदर, नाजूक, वास्तववादी हात" ही विशेषणं त्वचेबद्दल काही सांगत असतील, पकडीबद्दल शून्य.

स्क्रीनच्या बाबतीत असाच एक छोटा घोळ आहे, तो पटकन उरकतो. तिरकी स्क्रीन आणि वाकलेली स्क्रीन या वेगळ्या गोष्टी. फोन कलता धरला की लांबची कड आखूड दिसते, चौकोन निमुळता होतो. हे बरोबरच आहे. पण कडा सरळच राहतात. पडद्यावर पट्टी लावून बघा: कड पट्टीला सोडून फुगत किंवा खचत असेल, तर ती वाकलेली. लोक निमुळत्या स्क्रीनला "वाकडी" म्हणून बाद करतात आणि फुगलेली कड तशीच छापून टाकतात. फोन कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी आणू नका, हातभर लांब ठेवा, म्हणजे निमुळतेपणाही मर्यादेत राहतो. आणि मापाचं भान ठेवा. आजचा फोन साधारण १५ सेंटिमीटर लांब, सात-साडेसात रुंद. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या हातापेक्षा किंचित आखूड. तळहातात मावणारा फोन खेळण्यातला वाटतो.

आता ते सोफ्यावरचं वाक्य दुरुस्त करू. आमच्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स भरायच्या एका अ‍ॅपची जाहिरात आली होती आणि ग्राहकाने नेमकं तेच लिहून पाठवलं होतं. पहिल्या चित्रात बाई फोनच्या पाठीकडे बघून हसत होती आणि तिचा अंगठा कॅमेऱ्याच्या भिंगावर टेकला होता. ग्राहकाला विचारलं, नक्की काय हवंय, ती पैसे भरतेय की अ‍ॅप दाखवतेय? "दोन्ही." वडाची साल पिंपळाला लावायची ही हौस काही सुटत नाही.

वापर आणि स्क्रीन दोन्ही एकाच चित्रात हवं असेल, तर कॅमेरा तिच्या बाजूला जायला हवा. तिच्या खांद्यामागून, किंवा तिच्याच डोळ्यांच्या जागेवरून. आम्ही खांदा निवडला, कारण नुसते हात दिसले की माणूस नाहीसा होतो. शेवटी वर्णन असं लिहिलं:

"सोफ्यावर बसलेल्या स्त्रीच्या उजव्या खांद्यामागून, थोडं वरून. समोर तिच्या डाव्या हातात उभा फोन, कॅमेऱ्यापासून हातभर लांब, वरची कड किंचित मागे कललेली. डाव्या हाताचा अंगठा फोनच्या डाव्या कडेवर टेकलेला. उजव्या कडेवरून तीन बोटांची टोकं दिसतात. करंगळी फोनच्या बुडाखाली. उजव्या हाताची तर्जनी स्क्रीनच्या खालच्या भागात टेकलेली, बाकीची बोटं सैल मिटलेली. स्क्रीन सपाट करड्या रंगाची, कोरी. डावीकडून खिडकीचा उजेड."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्यात. तर्जनी खालच्या भागात ठेवली, कारण वर ठेवली की ती मधली सगळी स्क्रीन झाकते. आणि स्क्रीन कोरी मागितली. अ‍ॅपचा मजकूर चित्रातच लिहून घ्यायचा हट्ट सोडा. बारीक मराठी अक्षरांचा तिथे बरेचदा चुराडा होतो, आणि रकमेचा एखादा आकडा जरी बिघडला तरी पैशाच्या अ‍ॅपवरचा विश्वास उडतो. खरा स्क्रीनशॉट नंतर बसवायचा.

तो बसवताना स्क्रीनचे चार कोपरे शोधावे लागतात, आणि आजकालच्या फोनचे कोपरे गोल असतात. म्हणून गोलाईवर खूण करायची नाही. चारही कडांच्या सरळ रेषा पुढे वाढवायच्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे स्क्रीनशॉटचे कोपरे ओढायचे. फोटोशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मखालचं डिस्टॉर्ट हेच करतं. कड फुगलेली असेल तर इथे ती पकडली जाते: चारही कोपरे बसतात, पण मध्ये करड्या रंगाची फट उरते. मग डागडुजी करत बसू नका, दुसरं चित्र घ्या.

आमचं चौथं चित्र बसलं. स्क्रीनशॉट चढवला तेव्हा तर्जनी त्याच्याखाली गेली, म्हणून बोटाभोवती मास्क काढून ते वर आणलं. तरी काहीतरी खटकत होतं; बोट काचेवर टेकल्यासारखं न वाटता वर तरंगत होतं. करड्या स्क्रीनवर बोटाखाली जी बारीक सावली पडली होती, ती स्क्रीनशॉटने पुसली गेली होती. मूळ चित्रातला तेवढाच तुकडा मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचं न झाकता फक्त गडद करेल असा, परत वर ठेवला, आणि बोट टेकलं.