आगाऊ ठोके आणि हृदयातला व्रण

रात्री दिवा मालवून डाव्या कुशीवर वळलं की काही जणांना छातीत अचानक धस्स होतं. क्षणभर हृदय थांबल्यासारखं वाटतं आणि मग एक जोरदार धक्का बसतो. जीव घाबरा होतो, कारण तो थांबा जाणवलेला असतो. प्रत्यक्षात हृदय थांबलेलं नसतं. एक ठोका वेळेआधी पडून गेलेला असतो, आणि तोच आपल्याला जाणवत नाही.

हृदयाची लय वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका लहानशा केंद्रातून येते. तिथून निघालेली विद्युत लहर ठरलेल्या वाटेने खाली उतरते आणि खालचे दोन्ही मोठे कप्पे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात. कधी कधी खालच्या कप्प्याच्या स्नायूतलीच एखादी जागा आधी उठते आणि स्वतःचा ठोका टाकते. हा व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक, आपल्याकडच्या डॉक्टरांच्या बोलण्यात ‘व्हीपीसी’. तो इतक्या लवकर पडतो की हृदयात रक्त पुरतं भरलेलंच नसतं, म्हणून मनगटाला नाडी लागत नाही. त्याच्यामागून येणारी नेहमीची लहर खालच्या स्नायूला अजून विश्रांतीत गाठते आणि वाया जाते. त्यामुळे मोठा खंड पडतो. त्या खंडात हृदय भरपूर भरतं आणि पुढचा नेहमीचा ठोका जास्त ताकदीने पडतो. छातीत बसणारा धक्का हा असतो.

यातून एक घोटाळा हमखास होतो. एकाआड एक ठोका आगाऊ पडू लागला की बोटाला लावलेला ऑक्सिमीटर किंवा बीपीचं यंत्र नाडी 38 दाखवतं, कारण निम्मे ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत. हृदय 76च्या गतीने चाललेलं असतं. अशा वेळी ईसीजीची पट्टी काढली की खुलासा होतो.

लागोपाठ तीन किंवा अधिक आगाऊ ठोके मिनिटाला 100च्या वर गतीने पडले की त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे व्हीटी म्हणतात. ती 30 सेकंदांच्या आत आपोआप थांबली तर ‘नॉन-सस्टेन्ड’, अल्पकाळाची. रिपोर्टवर ‘व्हीटी’ ही दोन अक्षरं दिसली की घरात रडारड होते. पण ती अक्षरं हृदयात काय घडलं एवढंच सांगतात. ते कोणत्या हृदयात घडलं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

समजा, 32 वर्षांची एक शिक्षिका आहे. दोन महिन्यांपासून ठोका चुकल्यासारखं वाटतं, विशेषतः वर्ग संपवून निवांत बसल्यावर. अंगावर लहान यंत्र लावून दिवसभराचा ईसीजी नोंदवणाऱ्या 24 तासांच्या होल्टरमध्ये एकूण 1,02,000 ठोके नोंदले गेले, त्यात 6,120 आगाऊ, म्हणजे सहा टक्के. शिवाय तीन लहान धावा, सर्वांत मोठी पाच ठोक्यांची, मिनिटाला 150च्या गतीने. म्हणजे जेमतेम दोन सेकंदांची व्हीटी.

दुसरे 61 वर्षांचे गृहस्थ. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलेला. त्यांच्या होल्टरमध्ये फक्त 300 आगाऊ ठोके आणि आठ ठोक्यांची एकच धाव. त्यांना काही जाणवतही नाही. आकडे पाहून कुणीही म्हणेल की काळजी बाईंची करायला हवी. खरं उलट आहे.

शिक्षिकेच्या ईसीजीत सगळे आगाऊ ठोके एकाच आकाराचे आहेत, आणि तो आकार सांगतो की ते उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे रक्त जाण्याच्या वाटेवरून उठत आहेत. निरोगी हृदयात हे ठोके उठण्याची ही सर्वांत नेहमीची जागा. तिथल्या पेशींमध्ये कॅल्शियम जरा जास्त साठलं की ठोका संपल्यावर एखादी पेशी पुन्हा उसळते. अ‍ॅड्रेनलिन, अपुरी झोप, ताप, मानसिक ताण यांनी उसळी वाढते. पण आजूबाजूचा स्नायू धडधाकट असल्यामुळे ती लहर एकदा पसरते आणि विझते. फिरत राहायला तिला वाटच नसते.

गृहस्थांच्या हृदयात ती वाट आहे. झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, आणि त्या व्रणातून जिवंत स्नायूचे काही बारीक धागे गेलेले असतात. त्यांतून लहर रखडत जाते. ती पलीकडे पोचेपर्यंत इकडचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, आणि लहर गोल गोल फिरू लागते. असा फेरा थांबला नाही तर हृदय नुसतं थरथरू लागू शकतं आणि मग रक्त पुढे ढकललं जात नाही. त्यांच्या टूडी इकोमध्ये पंपाची ताकद 30 टक्के निघाली. निरोगी हृदयात ती साधारण 55च्या वर असते. त्यांच्यासाठी छातीत आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय ओळखून विजेच्या झटक्याने ती मोडणारं यंत्र, बसवण्याचा विचार व्हायला हवा, आणि ती आठ ठोक्यांची धाव नसती तरी हेच सांगावं लागलं असतं.

मग गोळी देऊन आगाऊ ठोकेच बंद केले तर? हा प्रश्न वैद्यकशास्त्राने खरोखर तपासून पाहिला. कास्ट या अमेरिकी अभ्यासात झटका येऊन गेलेल्या आणि आगाऊ ठोके असलेल्या रुग्णांना एन्कायनाइड किंवा फ्लेकायनाइड दिलं. निवडलेही तेच, ज्यांचे ठोके या औषधांनी कमी झाल्याचं आधी दिसलं होतं. 1989मध्ये अभ्यासाचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. 1991च्या अहवालात औषध घेणाऱ्या 755 पैकी 63 जण दगावले होते, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती. व्रण जागेवरच होता, आणि औषधाने त्यातली लहर आणखी रखडत होती. हा निकाल मला आजही अस्वस्थ करतो.

शिक्षिकेला मात्र ‘काही नाही’ म्हणून परत पाठवणं बरोबर नाही. तिचा नेहमीचा ईसीजी आणि टूडी इको स्वच्छ आहे का, हे आधी पाहायचं. रक्तातलं पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायचं. ट्रेडमिलवर चालवून बघायचं. व्यायामाने ठोके मावळले तर दिलासा मिळतो. चालता चालता वाढले किंवा वेगवेगळ्या आकारांचे दिसू लागले, तर एमआरआय करून स्नायूत लपलेला व्रण किंवा सूज शोधावी लागते. आपल्याकडे सारकॉइडोसिस आणि कधी क्षयरोगही अशा रूपात सापडतो. आणि दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: कधी भोवळ येऊन शुद्ध हरपली होती का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर इको स्वच्छ असूनही हृदयाच्या लयीच्या तज्ज्ञाकडे जायला हवं. काही आजारांत स्नायू दिसायला निरोगीच असतो.

सगळं ठीक निघालं, तर तिचे सहा टक्के ठोके आणि ती दोन सेकंदांची धाव निरुपद्रवी आहे. औषध घ्यायचं ते फार त्रास होत असेल तरच, बहुधा अ‍ॅड्रेनलिनचा जोर कमी करणारं बीटा ब्लॉकर. एक अपवाद लक्षात ठेवायचा. आगाऊ ठोके दहा टक्क्यांच्या पुढे, विशेषतः वीसच्या वर, महिनोन्‌महिने राहिले तर निरोगी हृदयही त्या बेताल कामाने ढिलं पडू शकतं. तिचे 6,120 जर 24,000 झाले, तर कॅथेटरने ती नेमकी जागा जाळून टाकता येते, आणि पंपाची ताकद बऱ्याचदा भरून येते. हे ठोके दिवसागणिक खूप कमीजास्त होतात, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबायचं नाही. वर्षभराने पुन्हा होल्टर आणि इको करायचा. मधल्या काळात तिने नेहमीसारखं चालावं, धावावं, जिने चढावेत. धावताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र वर्षाची वाट पाहायची नाही.