तापाच्या सिरपचा कागद कसा वाचावा : कोणाला, किती, कुठे ठेवायचे

वाचायला बसताना तीन गोष्टी समोर ठेवा : डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाचे बिल आणि औषधाचा खोका, आतल्या घडी घातलेल्या कागदासकट. लेबल बहुतेक वेळा इंग्रजीत असते, पण आकडे ओळखता आले तरी निम्मे काम होते.

आधी नाव वाचा, मग लगेच ताकद. पॅरासिटामॉलच्या एका सिरपवर ‘१२० मिग्रॅ / ५ मिली’ असते, दुसऱ्यावर ‘२५० मिग्रॅ / ५ मिली’. मिली म्हणजे बाटलीतले पातळ औषध, मिग्रॅ म्हणजे त्यात असलेला खरा औषधी भाग. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

समजा, पंचवटीतल्या १० किलो वजनाच्या मुलाला डॉक्टरांनी १२० वाले सिरप ५ मिली, ताप असेल तर दर ६ तासांनी, असे लिहून दिले. दुकानात ते नव्हते, म्हणून २५० वाले मिळाले. घरी तेच ५ मिली दिले, तर मुलाच्या पोटात १२० ऐवजी २५० मिग्रॅ जाते, म्हणजे दुपटीहून जास्त. चमचा तोच असतो, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही. चिठ्ठीतला आणि बाटलीवरचा आकडा जुळत नसेल, तर स्वतः हिशेब करून देऊ नका. दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारा. मोजायला बाटलीसोबतचे झाकण किंवा पिचकारी वापरा. घरातले चमचे लहानमोठे असतात.

‘वापरण्यापूर्वी हलवा’ असे लिहिले असेल तर खरेच हलवा. औषध तळाशी बसते. न हलवता दिले तर सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त जाते.

इशाऱ्यात मुख्य गोष्ट ही : सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते. दोन्ही बाटल्यांवर तेच नाव दिसले तर दोन्ही एकदम देऊ नका. जास्त झाले तर यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी मूल ठीकही वाटू शकते. म्हणून चुकून जास्त गेले तर वाट न पाहता खोका घेऊन दवाखाना गाठा.

‘३० अंशांखाली ठेवा’ हे नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात अवघड जाते. पत्र्याच्या खोलीत खिडकी, चुलीजवळची फळी आणि उभी गाडी टाळा. सावलीतले खालचे कपाट बरे. लिहिलेले नसेल तर फ्रिजची गरज नाही.

आता सराव. चिठ्ठी वरचीच, बाटली १२० ची, ६० मिलीची.

१. सकाळी ८ वाजता डोस दिला. ताप राहिला तर पुढचा किती वाजता?
२. एका बाटलीत किती डोस?
३. मुदत ‘०५/२०२७’. २० मे २०२७ रोजी औषध चालेल का?

उत्तरे : दुपारी २. बारा. चालेल, कारण मुदत त्या महिन्याच्या अखेरपर्यंत असते. १ जूनपासून नाही.