ट्रायल स्वस्त, म्हणजे जाहिरात चांगली?

"१०० रुपये खर्चून एक ट्रायल आणणारी जाहिरात सोडून ४०० वाली कशाला चालवायची?"

कारण ट्रायल फुकट असते, पैसे नंतर येतात. समजा, वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एकाने दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर काढलं, ट्रायल १४ दिवसांची. गूगलवर दोन जाहिराती दिल्या, दोन्हींवर वीस-वीस हजार घातले. "फुकट बिलिंग" म्हणणारीने २०० ट्रायल आणल्या, पैसे भरले चौघांनी: गिऱ्हाईक पडलं ५,००० रुपयांना. "जीएसटी बिल आणि स्टॉक एकत्र" म्हणणारीने ५०च आणल्या, पण भरले आठांनी. म्हणजे २,५००. "फुकट" वाचून येणारे फुकटापुरतेच येतात, आणि गूगलला नोंदणी हेच लक्ष्य दिलं की तो तसलेच आणखी शोधून आणतो.

हिशेब मात्र नोंदणीच्या तारखेने लावा. मार्चमध्ये ट्रायल घेतलेल्यांनी एप्रिलमध्ये भरलेले पैसे मार्चच्या खर्चासमोरच मांडायचे, नाहीतर खर्च वाढवलेल्या महिन्यात जाहिरात उगाच महाग दिसते. आणि चार विरुद्ध आठ हा आकडा तसा लहानच; दोन गिऱ्हाइकं इकडची तिकडे झाली की बरोबरी. म्हणून स्वस्त जाहिरात लगेच बंद न करता आणखी एक महिना बघावं. तोवर ट्रायलमध्ये पहिलं खरं बिल किती जणांनी फाडलं, ते मोजता येतं.