रिमेतले ताव आणि नासाडीचा हिशेब

आज रीम म्हटली की ५०० ताव. पण हा आकडा सगळीकडे रुळला तो कागद यंत्रावर निघू लागल्यानंतर. त्याआधी २४ तावांचा दस्ता आणि २० दस्त्यांची रीम, म्हणजे ४८० ताव, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी होता. आणि विकत घेतलेले ४८० ताव छपाईला मिळतीलच, याची खात्री नव्हती.

हातकागद साच्याने एकेक ताव उचलून बनायचा आणि दोरीवर टाकून वाळवला जायचा. त्यात काही ताव सुरकुतायचे, काही फाटायचे. असे खराब ताव फेकून न देता रिमेच्या वर आणि खाली एकेक दस्ता म्हणून लावत, म्हणजे दोरीचा काच त्यांनाच बसायचा आणि आतला माल शाबूत राहायचा. युरोपातल्या गिरण्यांची एक रीम तर ४७२ तावांचीच असे: आत २४ चे १८ चांगले दस्ते, बाहेर २० चे दोन. नासाडी रिमेच्या रचनेतच बांधलेली होती आणि ती निमूटपणे मुद्रकाच्या पदरी पडायची.

मुद्रकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ५१६ तावांची रीम, साडेएकवीस दस्त्यांची. ५०० प्रतींचे काम घेतले तर १६ ताव जुळवणीला आणि खराबीला हाताशी राहात. माझ्या मते छापखान्याच्या हिशेबातली ही सर्वांत प्रामाणिक रीम होती, कारण ‘जास्तीचे ताव’ तिच्यात उघडपणे मोजलेले होते.

१७९९ मध्ये लुई-निकोला रॉबेर यांनी फ्रान्समध्ये कागदयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्या शतकात कागद अखंड पट्ट्याच्या रूपात निघू लागला. तावांचा दर्जा सारखा झाला, बाहेरच्या खराब दस्त्यांची गरज संपली. पुढे गोल ५०० चा आकडा स्थिरावला. पण त्यासोबत १६ जास्तीचे तावही गेले. नासाडी थांबली नव्हती. ती फक्त रिमेतून निघून छापखान्याच्या वहीत आली.

वहीत ती दोन जागी येते, कापणीत आणि छपाईत, आणि गफलत होते ती दोन्ही एकाच टक्क्यात कोंबल्यामुळे. एक उदाहरण घेऊ. ए-५ आकाराचे (१४८ × २१० मिमी) १०,००० सुटे कागद एका रंगात छापायचे आहेत, आधी कापून मग छपाई. ताव ६४० × ९०० मिमीचा. १४८ ची बाजू ६४० वर धरली तर ४ × ४, म्हणजे १६ तुकडे निघतात. फिरवून २१० ची बाजू ६४० वर धरली तर ३ × ६, म्हणजे १८. पहिल्या मांडणीत जवळजवळ १४ टक्के कागद कातरणात जातो, दुसऱ्या मांडणीत ३ टक्क्यांहून कमी. मात्र १८ च्या मांडणीत एकीकडे १० मिमी आणि दुसरीकडे १२ मिमीच उरतात. गठ्ठा काटकोनात नसेल तर कडेचे तुकडे तिरपे निघतात. म्हणून आधी एक कड साफ कापून घ्यायची.

आता छपाईची नासाडी. जुळवणीला १०० कागद आणि चालू छपाईत २ टक्के, म्हणजे २००, धरले तर १०,३०० तुकडे लागतात. १८ ने भागून ५७३ ताव. १६ ने भागले असते तर ६४४. जुळवणीचे १०० मात्र टक्क्यात धरू नयेत. काम ५०० चे असले तरी ते साधारण तेवढेच लागतात, आणि तिथे २ टक्क्यांनी फक्त १० कागद हाताशी येतात. लहान कामांत कागद तुटतो तो बहुधा इथेच.

यंत्राने आणखी एक अडचण आणली, तंतूंची दिशा. हातकागदात ती जवळपास नसायची. यंत्रावरच्या कागदात तंतू यंत्राच्या चालीकडे झुकतात. तावात ते ९०० च्या बाजूने असतील, तर १८ च्या मांडणीत ए-५ च्या आखूड बाजूने येतात. सुट्या कागदांना चालते. पण उभ्या बाजूने शिवायच्या वहीत पान ताठ राहते, नीट उघडत नाही. तेव्हा १६ वर यावे लागते, किंवा आडव्या तंतूंचा ताव मागवावा लागतो. कातरणातली वाढ ही त्या वहीच्या किमतीतच धरायची.

पडताळा वजनाने होतो. ७० जीएसएमचा हा ताव सुमारे ४० ग्रॅमचा. ५७३ ताव म्हणजे २३ किलोच्या आसपास. कातरणाच्या पोत्यात पाऊण किलोहून खूप जास्त भरले, तर मांडणी १८ ची लिहून प्रत्यक्षात दुसरी कापली गेली, किंवा चुकीचा काप बसून तुकडे वाया गेले. नोंदीतही दोन वेगळे रकाने हवेत: ५७३ ताव खर्ची, १०,३१४ तुकडे जमा. उघडलेल्या दुसऱ्या रिमेतले ४२७ ताव तावांच्याच रकान्यात राहतात. तुकड्यांत मिसळले तर पुढच्या कामाच्या वेळी ते कोणत्या मांडणीने मोजले होते, हे कुणालाच सांगता येत नाही.