परतीचा प्रकाश जातो कुठे? ऑप्टिकल आयसोलेटरची पार्श्वभूमी

सिलिकॉनच्या चिपवर, चुंबकाशिवाय, प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारी रचना साधल्याचा दावा २०११ मध्ये एका नामांकित विज्ञान-साप्ताहिकात छापून आला. २०१२ मध्ये त्याच साप्ताहिकात त्यावर आक्षेप आला आणि आपली रचना आहे त्या स्वरूपात आयसोलेटर, म्हणजे प्रकाश पुढे सोडून परतीचा अडवणारे साधन, नाही, हे मूळ लेखकांनी मान्य केले. त्यानंतरही ‘प्रकाशाचा डायोड’ अशा मथळ्यांखाली तसलेच दावे येत राहिले. हा वाद नीट समजून घ्यायचा असेल तर चुंबक असलेला साधा आयसोलेटर नेमके काय करतो, ते आधी पाहायला हवे.

त्याचे भाग तीनच. दोन पोलरायझर, म्हणजे एका ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणाऱ्या चाळण्या, आणि त्यांच्यामध्ये चुंबकाच्या नळीत बसवलेला एक पारदर्शक स्फटिक. या स्फटिकातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा ४५ अंशांनी वळते. पहिला पोलरायझर शून्य अंशावर असेल तर दुसरा ४५ अंशांवर बसवतात, त्यामुळे पुढे जाणारा प्रकाश विनासायास पार होतो. पलीकडे कशावर तरी आपटून तो परत येतो तेव्हा दुसऱ्या पोलरायझरमधून ४५ अंशांवरच आत शिरतो आणि स्फटिकात पुन्हा ४५ अंश वळतो. कळीचा मुद्दा हा की तो उलट्या बाजूला वळून शून्यावर येत नाही, तर त्याच बाजूला वळून ९० वर जातो. पहिल्या पोलरायझरशी त्याचा काटकोन होतो आणि वाट बंद होते.

साखरेच्या द्रावणातही प्रकाशाची कंपनदिशा वळते, पण साखर वापरून आयसोलेटर होत नाही. साखरेतले वळण मळसूत्रासारखे असते. उजवे मळसूत्र दोन्ही टोकांकडून पाहिले तरी उजवेच, म्हणून परत येणारा प्रकाश जेवढा वळला होता तेवढाच उलगडतो. चुंबकीय वळणाची बाजू मात्र प्रकाश कुठून आला यावर नाही, तर चुंबकीय क्षेत्र कुठे रोखलेले आहे यावर ठरते. बाहेर एका जागी उभे राहून पाहणाऱ्याला जाताना आणि येताना वळण एकाच बाजूचे दिसते. १८४५ मध्ये लंडनमध्ये शिशाच्या जड काचेत हा परिणाम प्रथम दिसला. फॅरडे परिणाम हे त्याचे नाव आजही चालते आणि वळवणाऱ्या भागाला फॅरडे रोटेटर म्हणतात.

त्यातून एकतर्फी वाट निघू शकते, हे १८८५ मध्येच लिहिले गेले होते. आणि ते वाचून एक गंभीर शंका उभी राहिली. सारख्याच तापमानाच्या दोन वस्तू घ्या आणि मध्ये हा आयसोलेटर ठेवा. पहिल्या वस्तूचे प्रारण दुसरीकडे पोहोचते, दुसरीचे पहिलीकडे पोहोचत नाही. मग काहीही श्रम न घालता दुसरी तापत जाईल आणि पहिली गार होत जाईल. म्हणजे उष्मागतिकीचा दुसरा नियमच मोडला.

उत्तर १९०१ मध्ये आले, आणि माझ्या मते आयसोलेटरबद्दलचे सगळ्यात महत्त्वाचे वाक्य त्यातूनच निघते. अडवलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो बाजूच्या दाराने बाहेर पडतो. पोलरायझर नको असलेला प्रकाश एक तर स्वतः शोषतो किंवा बाजूला फेकतो. बाजूला फेकणारे पोलरायझर घ्या आणि त्या बाजूच्या वाटांवर आरसे बसवा. दुसऱ्या वस्तूकडून ४५ अंशांवर निघालेला प्रकाश उलट वाटेने येऊन ९० वर पोहोचतो आणि पहिल्या पोलरायझरच्या बाजूने बाहेर पडतो. तिथला आरसा त्याला परत आत पाठवतो. आता तो पुढच्या दिशेने स्फटिक ओलांडतो, १३५ वर पोहोचतो, म्हणजे दुसऱ्या पोलरायझरशी काटकोनात, आणि तिथूनही बाजूला फेकला जातो. तिथला आरसाही त्याला परत पाठवतो. तिसऱ्या फेरीत तो १८० वर येतो. १८० म्हणजे कंपनदिशेच्या हिशेबात शून्यच. पहिला पोलरायझर त्याला सरळ सोडतो आणि तो पहिल्या वस्तूकडे पोहोचतो. तीन फेऱ्या लागल्या, पण पोहोचला.

आरशांऐवजी बाजूला काळे शोषक ठेवले तरी हिशेब जुळतो. शोषकही त्याच तापमानाचा असेल तर तोही प्रारण सोडतो, आणि दुसऱ्या पोलरायझरच्या बाजूचा शोषक जे सोडतो तेच स्फटिकातून उलट येऊन पहिल्या वस्तूला मिळते. नियम शाबूत राहतो. याचा सरळ अर्थ असा की ज्या रचनेला फक्त दोन तोंडे आहेत आणि जिच्यात ना बाजूची वाट आहे ना शोषण, तिच्याकडून आयसोलेटरचे काम होणे शक्य नाही.

पुढची साठ वर्षे या कल्पनेला गिऱ्हाईक नव्हते. दिव्याच्या प्रकाशाला परतीच्या प्रकाशाने काही फरक पडत नाही, लेसरला पडतो. काच आणि हवा यांच्या साध्या सीमेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, आणि तो लेसरच्या पोकळीत शिरला की लेसर त्यालाही आपल्या पोकळीचाच भाग समजून चालतो. तरंगलांबी उड्या मारते, तीव्रता थरथरते. डायोड लेसरला तर याच्या कितीतरी पट कमी प्रकाशही पुरतो. १९६० मध्ये लेसर आला आणि चारेक वर्षांत प्रकाशासाठीचे आयसोलेटर छापील लेखांत दिसू लागले. मायक्रोवेव्हच्या मंडळींनी फेराइट वापरून हे काम त्याआधीच केलेले होते, त्यामुळे मार्ग ओळखीचा होता.

अडचण वळणाच्या प्रमाणाची होती. वळण तीन गोष्टींच्या गुणाकाराइतके असते: θ = V·B·L, म्हणजे पदार्थाचा स्थिरांक, चुंबकीय क्षेत्र आणि लांबी. साध्या काचेचा स्थिरांक फार लहान. म्हणून टर्बियम गॅलियम गार्नेट हा स्फटिक रूढ झाला. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरसाठी त्याचा स्थिरांक साधारण ४० रेडियन प्रति टेस्ला-मीटर आहे. ४५ अंश म्हणजे ०.७८५ रेडियन, तेव्हा १ टेस्लाच्या क्षेत्रात सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा कांडीसारखा स्फटिक पुरतो. लाल प्रकाशात, ६३३ नॅनोमीटरला, स्थिरांक तिपटीहून मोठा असल्याने ६ मिलीमीटर भागतात. टेलिफोनच्या फायबरमध्ये चालणाऱ्या १५५० नॅनोमीटरसाठी बिस्मथ मिसळलेल्या लोह-गार्नेटचा थर वापरतात, आणि तो अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असला तरी चालतो.

तरंगलांबीनुसार स्थिरांक बदलतो, म्हणून एका रंगासाठी बनवलेला आयसोलेटर दुसऱ्या रंगाला जसाच्या तसा चालत नाही. तापमानाचेही तसेच. टर्बियमच्या स्फटिकात वळण निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात जवळपास घटते. खोली १० अंशांनी तापली तर ४५ चे साधारण ४३.५ होतात. दीड अंशाने असा किती फरक पडणार, असे वाटेल. परतीच्या प्रकाशातला जो अंश निसटतो तो चुकलेल्या कोनाच्या sin² इतका असतो. दीड अंशाला तो दहा हजारांत सुमारे सात भाग येतो, म्हणजे ३२ डेसिबलच्या आतले अडवणे. आधी ४० मिळत असेल, म्हणजे दहा हजारांत एकच भाग निसटत असेल, तर ही घसरण मोठी आहे.

यावरचा उपाय प्रयोगशाळेतली माणसे हाताने करतात. आयसोलेटर उलटा धरायचा, म्हणजे लेसर बाहेर पडायच्या तोंडातून आत सोडायचा, आणि पलीकडे पॉवर मीटर ठेवून बाहेर पडायच्या बाजूचा पोलरायझर बारीक बारीक फिरवत आकडा सगळ्यात खाली आणायचा. मग स्क्रू आवळून आयसोलेटर सुलट लावायचा. वळण ४३.५ अंश असेल तर तो पोलरायझर ४६.५ वर जाऊन थांबतो, कारण ४६.५ आणि ४३.५ मिळून बरोबर ९० होतात. पुढे जाणाऱ्या प्रकाशाला तो ३ अंश चुकीचा पडतो, पण त्यात जेमतेम पाव टक्का प्रकाश जातो. अडवणे पूर्ववत होते. पुढच्या दिशेने जास्तीत जास्त प्रकाश मिळेल असा पोलरायझर लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्या बाजूने आकडा इतका सावकाश बदलतो की दोनतीन अंशांची चूक नजरेलाच येत नाही.

आता पुन्हा २०११ च्या चिपकडे. त्या सिलिकॉनच्या वाटेत प्रकाश दोन प्रकारांनी धावू शकत होता, त्यांना मोड म्हणतात. एका बाजूने एक ठरावीक मोड सोडला तर बाहेर जे मिळे ते दुसऱ्या बाजूने सोडल्यावर मिळणाऱ्यापेक्षा वेगळे असे. हा फरक खरा होता, मोजलेला होता. पण तुलना चुकीच्या जोडीची होती. पुढे जाताना पहिला मोड आत गेला आणि दुसरा बाहेर आला, तर कसोटी अशी की तोच दुसरा मोड उलट सोडून पहिला किती मिळतो ते पाहायचे. आक्षेप घेणाऱ्यांनी तेच दाखवले. या जोड्या दोन्ही दिशांना समान होत्या. म्हणजे पलीकडे एखादा आरसा बाहेर आलेला मोड तसाच परत पाठवू लागला, तर प्रकाश आला त्या वाटेने विनाअडथळा लेसरमध्ये शिरेल. आयसोलेटर ज्या कामासाठी असतो, नेमके तेच होत नव्हते.

दिशेनुसार वेगळे दिसणे आणि परतीची वाट बंद होणे या दोन गोष्टी एक नाहीत. चुंबक नसलेल्या, स्थिर आणि रेषीय वागणाऱ्या पदार्थांची कितीही चतुर रचना केली तरी दुसरी गोष्ट साधत नाही. त्यासाठी चुंबकीय पदार्थ हवा, किंवा पदार्थाचे गुणधर्म काळानुसार बदलते ठेवायला हवेत, किंवा त्याचे वागणे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलायला हवे. तिसऱ्या मार्गाचीही मर्यादा २०१५ मध्ये दाखवण्यात आली. पुढे तीव्र प्रकाश जात असतानाच मागून क्षीण प्रकाश आला तर तो पार होऊ शकतो, आणि लेसरसमोर नेमकी तीच परिस्थिती असते. चिपवाल्यांची अडचण मी कमी लेखत नाही. गार्नेट सिलिकॉनवर नीट चढत नाही, चुंबक जागा खातो. पण त्या अडचणीने कसोटी सैल होत नाही.

जास्त शक्तीच्या लेसरमध्ये चुंबकीय आयसोलेटरलाही स्वतःचे दुखणे आहे. स्फटिक थोडा प्रकाश शोषतो, मध्यभागी तापतो, आणि उष्णतेच्या ताणाने कंपनदिशा जागोजागी वेगवेगळी बिघडते. गुरुत्वलहरींच्या वेधशाळांमध्ये १०० वॉटच्या पुढे जावे लागते, म्हणून तिथे ४५ अंशांचे वळण दोन स्फटिकांत अर्धे अर्धे वाटतात आणि मध्ये क्वार्ट्झचा एक रोटेटर ठेवतात, जेणेकरून पहिल्यात आलेला बिघाड दुसऱ्यात बराचसा फिटतो. तिथला बाजूला फेकलेला प्रकाश वायाही घालवत नाहीत. कित्येक किलोमीटरच्या भुजांकडून परतलेला तो प्रकाश आयसोलेटरच्या बाजूच्या दाराने डिटेक्टरवर घेतात, आणि आरसे जागच्या जागी धरून ठेवण्यासाठीचा संकेत त्यातून काढतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या वेधशाळेचा आराखडाही याच घराण्यातला आहे.