स्पीकर बोलला, पण पैसे खात्यात कधी?

वडापावच्या गाडीवर '40 रुपये प्राप्त झाले' असा आवाज येतो आणि गाडीवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. तो आवाज म्हणजे पैसे आल्याची खबर. ते बँकेत लगेच जमा होतील की दुसऱ्या दिवशी, हे गाडीवर चिकटवलेला क्यूआर कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं. हा फरक कसा पडत गेला, ते माहीत असलं की रोजचा हिशोब जुळवताना डोकं धरून बसावं लागत नाही.

नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर गाड्यांवर जे क्यूआर आले, त्यांतले बरेचसे वॉलेटचे होते. पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये पडायचे आणि तिथून बँकेत नेणं हे वेगळं काम असायचं. शिवाय ज्या कंपनीचा क्यूआर, तिचंच ॲप गिऱ्हाइकाकडे असावं लागायचं, म्हणून एका गाडीवर तीन-तीन स्टिकर दिसायचे. यूपीआय त्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये आलं होतं. त्यात पैसे वॉलेटमध्ये न थांबता एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की 31 मार्च 2022 पर्यंत सगळे क्यूआर कोणत्याही ॲपने चालतील असे करा. मग एक स्टिकर पुरेसा झाला.

त्या एका स्टिकरमागे मात्र दोन वेगळ्या वाटा राहिल्या. क्यूआर थेट विक्रेत्याच्या बँक खात्याला जोडलेला असेल, तर काही सेकंदांत खात्यात नोंद पडते. बँका आपसातलं देणंघेणं दिवसातून अनेक फेऱ्यांमध्ये नंतर मिटवतात, पण विक्रेत्याला त्यासाठी थांबावं लागत नाही. दुसरी वाट पेमेंट कंपनीची. तिथे गिऱ्हाइकाचे पैसे आधी कंपनीच्या हिशोबात गोळा होतात आणि दिवसभराची रक्कम मिळून एकगठ्ठा विक्रेत्याच्या खात्यात येते. याला सेटलमेंट म्हणतात. ती बहुधा दुसऱ्या दिवशी होते. काही कंपन्या दिवसातून जास्त वेळा किंवा लगेचही करतात.

कंपनीच्या हातात थांबलेल्या या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे पहिले नियम नोव्हेंबर 2009 मध्ये आले, तेही ऑनलाइन खरेदीसाठी. व्यापाऱ्यांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवा आणि ठरलेल्या मुदतीत पोचवा, असा त्यांचा गाभा होता. मार्च 2020 मध्ये बिगर-बँक पेमेंट कंपन्यांना परवाना आणि एस्क्रो खातं, म्हणजे व्यापाऱ्यांचे पैसे वेगळे राखणारं बँक खातं, सक्तीचं झालं. समोरासमोर होणारे व्यवहार या चौकटीत स्पष्टपणे आले ते सप्टेंबर 2025 मध्ये. मला हे फार उशिरा झालं असं वाटतं, कारण रोजच्या भांडवलावर जगणारा माणूस गाडीवर उभा असतो आणि एका दिवसाची रक्कम अडकली तर सकाळचा बटाटा उधारीवर आणावा लागतो.

आता हिशोब. समजा, गाडीवाल्याच्या ॲपमध्ये शनिवारची विक्री 4,860 रुपये दिसते आणि रविवारी बँकेत 4,562 जमा होतात. 298 रुपये कुठे गेले? कंपनीचा दिवस रात्री 11 ला संपतो आणि गाडी साडेअकरापर्यंत चालू होती. त्या अर्ध्या तासातली 60 रुपयांची तीन पेमेंट, म्हणजे 180 रुपये, पुढच्या गठ्ठ्यात गेली. उरले 118. ते स्पीकरचं महिन्याचं भाडं 100 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, जे कंपनीने सेटलमेंटमधूनच कापलं. शुक्रवारी गाडी बंद होती, म्हणून आदल्या रात्रीची शिल्लक आली नाही. नाहीतर तीही मिळवावी लागली असती. यूपीआयवर बँक खात्यातून आलेल्या रकमेतून कमिशन कापलं जात नाही, कारण 1 जानेवारी 2020 पासून ते शून्य आहे.

म्हणून ॲपमधली विक्री थेट पासबुकाशी ताडून पाहू नये. मध्ये ॲपमधला सेटलमेंटचा तपशील असतो. त्यात कोणती पेमेंट त्या गठ्ठ्यात धरली आणि काय कापलं ते दिसतं, आणि खाली गठ्ठ्याचा यूटीआर, म्हणजे बँकेत त्या रकमेला मिळालेला ओळख क्रमांक असतो. तोच क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडला की त्या दिवसाचा हिशोब बंद.

एक गोष्ट मात्र या तपशिलात सापडत नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले, पण गाडीवाल्यापर्यंत खबर आलीच नाही. अशा वेळी गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून 'कटले बघा' म्हणतं आणि तेही खरं बोलत असू शकतं. तरी तो स्क्रीन पुरावा धरू नये, आपल्या ॲपमधली नोंद पाहावी. नोंद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार पाच दिवसांत ते पैसे आपोआप गिऱ्हाइकाकडे परत जायला हवेत; त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई असते आणि तीही गिऱ्हाइकालाच. गाडीवाल्याने त्याला व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक जपून ठेवायला सांगावं आणि वडापावचे पैसे पुन्हा मागून घ्यावेत.